४७५ अंशांच्या भट्टीतले तीन नमुने: स्पिनोडल की बीजनिर्मिती?

लोखंड आणि क्रोमिअम यांची मिश्रधातू ४७५ अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ ठेवली, की ती कडक आणि ठिसूळ होते. स्टेनलेस स्टीलशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला हा '४७५ अंशांचा ठिसूळपणा' ठाऊक असतो. फेराइट आणि ऑस्टेनाइट या दोन स्फटिकरचना मिळून बनलेलं ड्युप्लेक्स स्टील सतत वापरायचं असेल, तर तापमान साधारण २५० ते ३०० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. एकजीव दिसणाऱ्या फेराइटमध्ये क्रोमिअम एकीकडे गोळा होतं आणि लोखंड दुसरीकडे राहतं. दोन्ही भागांची स्फटिकरचना एकच असते, फरक असतो फक्त प्रमाणाचा. लोखंडबहुल भागाला α म्हणतात आणि क्रोमिअमबहुल भागाला α′.

हे घडतं यावर वाद नाही. प्रश्न आहे ते कसं घडतं याचा: इथे एक, तिथे एक अशी क्रोमिअमची बीजं जमून ती वाढतात, म्हणजे बीजनिर्मिती, की सगळीकडे एकदम प्रमाणाचे छोटे चढउतार आपोआप वाढत जातात, म्हणजे स्पिनोडल विघटन. कितीतरी अहवालांत 'स्पिनोडल विघटनामुळे ठिसूळपणा' असं सरळ लिहिलेलं असतं आणि पुरावा म्हणून एक चित्र जोडलेलं असतं. तेवढ्या पुराव्यावर तो निष्कर्ष टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते का टिकत नाही, हे दाखवण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे. एकाच भट्टीत, एकाच तापमानाला तीन नमुने ठेवले आहेत असं धरू. त्यांत क्रोमिअम अनुक्रमे २०, ३५ आणि २८ अणुटक्के आहे. पहिले दोन नमुने सोपे आहेत. खरी परीक्षा तिसऱ्यात आहे.

आधी नकाशा

हिशोबासाठी सर्वांत साधं प्रारूप घेतो, म्हणजे रेग्युलर सोल्यूशन. त्यात मिश्रणाची मुक्त ऊर्जा अशी लिहितात:

g = Ωx(1−x) + RT[x ln x + (1−x) ln(1−x)]

इथे x म्हणजे क्रोमिअमचा अंश, T म्हणजे तापमान, R म्हणजे वायुस्थिरांक आणि Ω म्हणजे दोन धातू एकमेकांना किती टाळतात याचं माप. पहिलं पद दोन्ही धातूंना वेगळं करू पाहतं, दुसरं त्यांना मिसळू पाहतं. तापमान जसं उतरतं तसा दुसऱ्या पदाचा जोर कमी होतो आणि एका क्रांतिक तापमानाखाली मिसिबिलिटी गॅप उघडते, म्हणजे ज्या प्रमाणांत दोन्ही धातू एकजीव राहू शकत नाहीत असा पट्टा तयार होतो. क्रांतिक तापमान ९०० केल्विन धरू आणि भट्टी ७५० केल्विनवर, म्हणजे ४७७ अंश सेल्सिअसवर. खरी लोखंड-क्रोमिअम गॅप इतकी सममित नाही. चुंबकत्वामुळे ती वाकडी झालेली आहे, आणि क्रोमिअम अगदी थोडं असेल तर मिश्रण उलट ऊर्जा सोडतं. तरी यंत्रणा समजण्यासाठी हे प्रारूप पुरेसं आहे, आणि त्यातून येणाऱ्या लांब्या खऱ्या पदार्थातल्या लांब्यांच्या जवळपास पडतात.

या तापमानाला दोन रेषा काढाव्या लागतात. g च्या वक्राला दोन ठिकाणी स्पर्श करणारी एकच सरळ रेषा काढली की बायनोडल मिळते. ती येते १७ आणि ८३ टक्क्यांवर. या दोन प्रमाणांच्या मधला कुठलाही नमुना शेवटी याच दोन भागांत फुटणार, एवढं ती सांगते. दुसरी रेषा वक्राच्या बाकावरून ठरते:

g″ = RT/[x(1−x)] − 2Ω

g″ जिथे शून्य होतो ती स्पिनोडल. ती इथे ३० टक्क्यांच्या किंचित अलीकडे, २९.६ वर येते, आणि पलीकडच्या बाजूला ७०.४ वर.

म्हणजे २० टक्क्यांचा नमुना गॅपच्या आत आहे, पण स्पिनोडलच्या बाहेर. तिथे g″ मोलला सुमारे +९,००० जूल येतो. ३५ टक्क्यांचा नमुना दोन्ही रेषांच्या आत आहे आणि तिथे g″ सुमारे −२,५०० जूल येतो. पुढचं सगळं या चिन्हावर अवलंबून आहे, कारण विसरणाचा गुणांक g″ च्याच चिन्हाने चालतो. २० टक्क्यांच्या नमुन्यात क्रोमिअम जास्तीकडून कमीकडे वाहतं, म्हणजे नेहमीसारखंच, तो नमुना गॅपच्या आत असूनसुद्धा. ३५ टक्क्यांच्या नमुन्यात ते कमीकडून जास्तीकडे वाहतं.

पहिला नमुना: २० टक्के

इथे योगायोगाने कुठेतरी क्रोमिअम २० चं २३ झालं, तर ती उंची आपोआप मोडते. छोटा बदल टिकत नाही, टिकायचं तर बदल मोठा हवा. एखाद्या ठिकाणी प्रमाण एकदम ८५ टक्क्यांपर्यंत पोचलं, तर त्या गोळ्याला ऊर्जेचा फायदा होतो. मात्र त्याच्याभोवती पृष्ठ तयार होतं आणि त्याची किंमत मोजावी लागते. गोळा लहान असताना किंमत फायद्यापेक्षा जास्त असते, एका ठरावीक त्रिज्येनंतर पारडं फिरतं.

आकडे घालून पाहू. स्पर्शरेषेच्या रीतीने काढलं तर फायदा मोलला सुमारे २२० जूल निघतो. याच प्रारूपातून पृष्ठऊर्जा चौरस मीटरला ०.०२ जूलच्या थोडी खाली येते. ती इतकी कमी असण्याचं कारण असं की दोन्ही बाजूंची स्फटिकरचना एकच आहे आणि जाळीतला फरक अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर आहे. या दोन आकड्यांवरून बीजाची क्रांतिक त्रिज्या १.२ नॅनोमीटर येते, त्यात साधारण ६०० अणू बसतात, आणि ओलांडायचा अडथळा सुमारे ११ kT निघतो. kT हे त्या तापमानाला अणूंना मिळणाऱ्या उष्णतेच्या ऊर्जेचं माप. ११ kT म्हणजे अशक्य अडथळा नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. प्रत्येक जागी बीज जमणार नाही. इथे एक, तिथे एक असं, वेळ घेऊन जमेल. समतोलाला पोचल्यावरसुद्धा α′ चा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपासच असेल.

बीज जमलं की त्याच्याभोवतीचं क्रोमिअम ओसरतं आणि सभोवार १७ टक्क्यांचं एक कवच तयार होतं. लांबचं क्रोमिअम २० टक्क्यांवरून या कवचाकडे उताराने येतं आणि गोळा वाढतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची: दोन बीजांच्या मधला, त्यांच्यापासून लांबचा भाग बराच काळ २० टक्क्यांवरच असतो. तिथे अजून काहीही घडलेलं नसतं.

दुसरा नमुना: ३५ टक्के

इथे अडथळाच नाही. ३५ चं ३५.१ झालं तरी तो फरक वाढतो. मग सगळीकडे एकदम, कुठल्याही लांबीचे चढउतार का वाढत नाहीत? कारण फार जवळजवळच्या चढउतारांत प्रमाणाचा उतार तीव्र होतो, आणि तीव्र उताराला स्वतःची किंमत असते. हिलर्ट यांनी १९५६ च्या प्रबंधात आणि कान व हिलिअर्ड यांनी १९५८ च्या लेखात हीच किंमत ऊर्जेच्या सूत्रात आणली. पुढे १९६१ मध्ये कान यांनी त्यावरून स्पिनोडल विघटनाचा सिद्धांत उभा केला. त्यात प्रत्येक तरंगलांबीच्या वाढीचा वेग असा येतो:

R(k) = −M k² (g″ + 2κk²)

इथला k म्हणजे 2π भागिले तरंगलांबी, kT मधला k नव्हे; M म्हणजे अणूंची चलनशीलता आणि κ म्हणजे उताराची किंमत. कंसातली बेरीज ऋण असेल तरच तरंग वाढतो. शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.२४८ नॅनोमीटर धरून κ काढला, तर २.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंग विझतात. फार लांब तरंगांना अणूंची वाहतूक लांबवर करावी लागते, म्हणून ते वाढतात पण मंद. सर्वांत वेगाने वाढणारा तरंग यांच्या मधला, ३.१ नॅनोमीटरचा.

जाळीतल्या फरकामुळे पडणारा ताण इथे धरलेला नाही. तो धरला तर g″ मध्ये मोलला शंभर-सव्वाशे जुलांची भर पडते. ती २,५०० च्या जेमतेम वीसावा भाग आहे, म्हणून इथे सोडून देता येते. ज्या मिश्रधातूंत अणूंचे आकार बरेच वेगळे असतात, तिथे ताण असा सोडून देता येत नाही. तिथे ताणामुळे स्पिनोडल रेषा कित्येक अंश खाली सरकते आणि तरंग स्फटिकाच्या विशिष्ट दिशांनाच उभे राहतात.

३५ टक्क्यांच्या नमुन्यात सगळ्या जागा एकाच वेळी कामाला लागतात. कुठलीही जागा ३५ वर थांबलेली राहत नाही. काही वर चढतात, काही खाली उतरतात. तरंगाची लांबी सुरुवातीला जवळपास तीच राहते, वाढते ती त्याची उंची. पहिल्या नमुन्यात याच्या नेमकं उलट होतं. तिथे बीजाचं प्रमाण सुरुवातीपासूनच जवळपास अंतिम असतं आणि वाढतो तो त्याचा आकार. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि हे दोन्ही नमुने पाहता ते चुकीचंही नाही.

एका चित्रावरून का कळत नाही

आता दोन आकडे शेजारी ठेवा. बीजाचा क्रांतिक व्यास २.४ नॅनोमीटर, स्पिनोडलचा तरंग ३.१ नॅनोमीटर. दोन्ही यंत्रणांची मापं इतकी जवळ आहेत की नुसत्या आकारावरून काहीही सांगता येत नाही.

आकृतिबंधाचंही तेच. एकमेकांत गुंतलेलं जाळं दिसलं म्हणजे स्पिनोडल आणि सुटे गोळे दिसले म्हणजे बीजनिर्मिती, हा आडाखा फार पसरलेला आहे. पण आपल्या ३५ टक्क्यांच्या नमुन्यात α′ चा अंतिम वाटा सुमारे २७ टक्केच आहे. एवढ्या वाट्याचं जाळं उशिरा तुटून सुटे गोळे होऊ शकतात. उलट, भरपूर बीजं दाटीने जमली आणि एकमेकांना चिकटली तर ती जाळ्यासारखी दिसतात. उशिराच्या टप्प्यात तर दोन्ही वाटा एकत्र येतात: मोठे भाग लहानांना गिळतात आणि सरासरी आकार वेळेच्या घनमुळाप्रमाणे वाढतो. शंभर तासांनंतरचा फोटो पाहून पहिल्या तासात काय घडलं ते कळणार नाही.

न्यूट्रॉन विकीर्णनात एक शिखर दिसलं की तेही स्पिनोडलची खूण म्हणून सांगितलं जातं. या धातूंसाठी न्यूट्रॉन उत्तमच, कारण लोखंड आणि क्रोमिअम क्ष-किरणांना जवळजवळ सारखे दिसतात, न्यूट्रॉनना मात्र बरेच वेगळे. तरी शिखर एवढंच सांगतं की भागांमध्ये एक ठरावीक अंतर आहे. बीजाभोवती ओसरलेलं कवच असतं, त्या कवचात दुसरं बीज जमत नाही, म्हणून बीजांमध्येही अंतर राखलं जातं आणि शिखर उमटतं. कान यांच्या सिद्धांताची कसोटी याहून कडक आहे. वेगवेगळ्या वेळांचे वक्र एकाच k वर एकमेकांना छेदायला हवेत आणि सुरुवातीला शिखर हलता कामा नये. धातूंमध्ये ही कसोटी क्वचितच स्वच्छ उतरते. एक तर उष्णतेमुळे होणारे चढउतार सतत नवी भर घालत असतात. ती भर कुक यांनी १९७० मध्ये सिद्धांतात जोडली. दुसरं म्हणजे चढउतार लवकरच इतके मोठे होतात की साधं रेषीय सूत्र लागू पडत नाही. त्यामुळे शिखर सरकलं म्हणून स्पिनोडल नाही असंही म्हणता येत नाही.

तिसरा नमुना: २८ टक्के

ड्युप्लेक्स स्टीलमधल्या फेराइटमध्ये क्रोमिअम साधारण पाव हिस्सा असतं, शिवाय निकेल आणि मॉलिब्डेनम. म्हणजे उद्योगातला खरा नमुना वरच्या दोन सोप्या टोकांपैकी कुठल्याच टोकाला नाही, तो मधे, रेषेच्या आसपास आहे. आपला २८ टक्क्यांचा नमुना त्याचाच प्रतिनिधी. स्पिनोडल २९.६ वर आहे, म्हणजे नियमाने पाहिलं तर ही बीजनिर्मिती.

बीजनिर्मितीचाच हिशोब करू. फायदा मोलला जवळपास ४५० जूल, पहिल्या नमुन्याच्या दुप्पट. अडथळा फायद्याच्या वर्गाने उतरतो, म्हणून तो ११ kT वरून ३ kT च्याही खाली येतो. क्रांतिक त्रिज्या ०.६ नॅनोमीटर. याच प्रारूपात दोन भागांमधल्या सीमेची जाडीही ०.७ नॅनोमीटरच्या आसपास आहे.

इथे थांबून विचार करायला हवा. त्रिज्या ०.६ आणि सीमा ०.७, म्हणजे या बीजाला आतला भाग उरतच नाही, ते सगळं सीमाच आहे. आत ८५ टक्के, बाहेर २८ टक्के आणि मधे धारदार पृष्ठ, हे चित्र इथे लागू होऊच शकत नाही. खरं बीज पसरट, फिकट असतं. त्याच्या मध्यभागी क्रोमिअम ८५ च्या बरंच खाली असतं आणि वाढताना ते हळूहळू चढतं. म्हणजे स्पिनोडलची म्हणून सांगितलेली खूण, प्रमाण वेळेबरोबर चढणं, बीजनिर्मितीतही दिसते. कान आणि हिलिअर्ड यांनीच १९५९ मध्ये दाखवलं होतं, की स्पिनोडलजवळ जाताना बीजाचं मध्य सभोवतालाच्या प्रमाणाकडे झुकतं आणि अडथळा सावकाश शून्याला पोचतो. आणि अडथळा दोन-तीन kT वर आला, तर तो ओलांडायला वाट पाहावीच लागत नाही. स्पिनोडल ही सरासरी ऊर्जेच्या वक्रावर काढलेली रेषा आहे. उष्णतेने हलणाऱ्या अणूंना तिथे भिंत लागत नाही.

म्हणून २८ टक्क्यांच्या नमुन्याबद्दल 'स्पिनोडल की बीजनिर्मिती' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचं असेल तर असं विचारावं: अर्धवट वेळेला मूळ प्रमाणाचा किती भाग शिल्लक होता?

मोजायचं काय

याचं उत्तर अ‍ॅटम प्रोबमधून मिळू शकतं. नमुन्याच्या सुईसारख्या टोकावरून एकेक अणू सोलून काढून त्याची जागा आणि ओळख नोंदवतात. मग सगळं घनफळ छोट्या ठोकळ्यांत वाटायचं, प्रत्येक ठोकळ्यातलं क्रोमिअम मोजायचं आणि त्याचा आयतालेख काढायचा. हे वेगवेगळ्या वेळी भट्टीतून काढलेल्या नमुन्यांवर करायचं, एकावर नाही.

२० टक्क्यांच्या नमुन्यात मुख्य शिखर २० वर बसून राहील, उजवीकडे लांब एक शेपूट उगवेल, आणि शिखर सावकाश १७ कडे सरकेल. ३५ टक्क्यांच्या नमुन्यात शिखर आधी रुंदावेल, खचेल आणि दोन बाजूंना फुटेल. मधे, ३५ वर, काही शिल्लक राहणार नाही. २८ टक्क्यांत दोन्हींची सरमिसळ दिसेल: शिखर रुंदावेल, उजवीकडे कलेल, पण फुटणार नाही. ही सरमिसळ जशी दिसली तशीच अहवालात लिहावी.

या मोजणीची मर्यादा मात्र आकड्यांनिशी माहीत हवी. ठोकळ्यात १०० अणू नोंदले गेले, तर निव्वळ योगायोगानेच ३५ टक्क्यांच्या नमुन्यात जवळपास ५ टक्क्यांचा फैलाव येतो. सुरुवातीची खरी उंची याच्यापेक्षा कमी असते, त्यामुळे ती दिसतच नाही. ४०० अणू घेतले तर फैलाव निम्मा होतो. पण उपकरण साधारण निम्मेच अणू पकडत असेल, तर तो ठोकळा २ नॅनोमीटरहून मोठा होतो. ३.१ नॅनोमीटरच्या तरंगाचा चढ जेमतेम दीड नॅनोमीटरचा. म्हणजे मोठा ठोकळा चढ आणि उतार दोन्ही एकत्र करून टाकतो. दोन्हीकडून कात्री आहे. म्हणून न तापवलेला नमुना त्याच मापाच्या ठोकळ्यांनी मोजून शेजारी ठेवणं अनिवार्य आहे. शिवाय सोलताना अणूंचे मार्ग एकमेकांत मिसळतात आणि छोट्या गोळ्याचं मध्य आहे त्यापेक्षा फिकट दिसतं. फिकट बीज खरंच फिकट आहे की उपकरणाने फिकट केलं, ही शंका २ नॅनोमीटरखाली नेहमी राहते. लोखंडाच्या मॉसबाउअर वर्णपटाला ही अडचण नाही. तिथे प्रत्येक लोखंडी अणूभोवती किती क्रोमिअम शेजारी आहेत हे सरासरीने कळतं. पण कुठे आहेत ते कळत नाही, म्हणून दोन्ही मोजण्या लागतात.

भट्टीत जाण्याआधीची चूक

एक गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा निसटते. आपला ३५ टक्क्यांचा नमुना याच प्रारूपात ६०० अंशांच्या जरा खाली गॅपमध्ये शिरतो आणि स्पिनोडल ओलांडतो ५४६ अंशांवर. मधल्या पन्नासेक अंशांत तोच नमुना बीजनिर्मितीच्या पट्ट्यात असतो, आणि तिथे अणू ४७५ अंशांपेक्षा कितीतरी चपळ असतात. जाड तुकडा एकजीव करून सावकाश थंड होऊ दिला, तर भट्टीत ठेवण्याआधीच त्यात बीजं असू शकतात. मग ४७५ अंशांवर जे मोजलं जातं ते त्या बीजांची वाढ आणि स्पिनोडल यांचं मिश्रण असतं. म्हणून नमुना पातळ असावा, सिग्मा प्रावस्थेच्या, म्हणजे लोखंड-क्रोमिअमच्याच दुसऱ्या एका ठिसूळ स्फटिकरचनेच्या, क्षेत्राच्या वर, म्हणजे ८३० अंशांच्या बऱ्याच वर तो एकजीव करावा, आणि तिथून थेट पाण्यात टाकावा. २० टक्क्यांच्या पुढे ऑस्टेनाइटची अडचण येत नाही. तापवताना आणि थंड होताना धातू सगळ्या वेळ फेराइटच राहतो.

हाच पट्टा उलट बाजूने उपयोगाचाही आहे. ३५ टक्क्यांचे दोन तुकडे घेऊन एक ४७५ अंशांवर आणि एक ५७० अंशांवर ठेवला, तर रसायन तेच, तरी पहिला स्पिनोडलच्या आत आणि दुसरा बाहेर. प्रमाण बदललं की इतर दहा गोष्टी बदलतात. इथे फक्त तापमान बदलतं, आणि दोन आयतालेखांमधला फरक खऱ्या अर्थाने यंत्रणेचा फरक असतो. ५७० अंशांवर सिग्मा उगवण्याचा धोका असतो. ती फार सावकाश येते, पण क्ष-किरण विवर्तनाने ती नाही याची खात्री करून घ्यावी. नंतर तो ४७५ अंशांवरचा ठिसूळ तुकडा ६०० अंशांच्या किंचित वर थोडा वेळ धरून पाण्यात टाकला, की α′ विरघळतो आणि चिवटपणा परततो. परत आला नाही, तर ठिसूळपणाचं कारण मिसिबिलिटी गॅपमध्ये नव्हतं, ते दुसरीकडे शोधायला हवं.